'टू' आणि 'बाय'चा घोळ
मी कळव्याचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावीला अकाउंट्स इंग्रजीतून. प्रिलिमला भागीदार प्रवेशाच्या गणितात मशिनरी 60,000 ची आणि खाली 'रिड्यूस्ड टू 48,000', मी सरळ 48,000 नेच कमी केली, म्हणजे पुनर्मूल्यांकन खात्यावर नुकसान 12,000 च्या जागी 48,000 गेलं. गंमत म्हणजे ताळेबंद तरी जुळला, कारण चुकीचा आकडा दोन्ही बाजूंना सारखाच गेला, त्यामुळे मी खूश! ताईने पेपर बघितला तेव्हा पकडलं. आता वाचतानाच पेन्सिलने 'टू'वर 'पर्यंत' आणि 'बाय'वर 'ने' लिहितो, शेजारी नवी किंमत आणि फरक मांडतो. आरडीडीला, म्हणजे बुडू शकणाऱ्या उधारीसाठीच्या तरतुदीला, मात्र अजून अडखळतो, तिथे 'इन्क्रीज्ड टू' असलं की जुनी तरतूद वजा करून उरलेलंच खात्याला न्यायचं.