वैद्यकीय कारणाने गर्भपात करावा लागलेल्या मैत्रिणीचे सांत्वन : या चुका टाळा

माझ्या भुसावळच्या मैत्रिणीची विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफी झाली, तेव्हा बाळाच्या डोक्याची कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच झालेला नसल्याचे दिसले. जळगावला दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले आणि असे बाळ जन्मले तरी जगत नाही हे स्पष्ट झाल्यावर, चार दिवस रडून आणि भांडून, नवरा-बायकोने गर्भपाताच्या संमतिपत्रावर सही केली. ही बातमी कळल्यावर मी तिला लिहिले, ‘देवाची मर्जी, जे होते ते चांगल्यासाठीच होते.’ तिचे उत्तर आले, ‘सही देवाने नाही केली, मी केली.’

अशा सांत्वनातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. आपण घडलेल्या गोष्टीतला निर्णय पुसून टाकतो आणि तो आपोआप पडलेला गर्भ असल्यासारखे बोलतो. याच्या उलट दुसरी चूक म्हणजे ‘योग्यच निर्णय घेतलास’ एवढेच म्हणून मोकळे होणे. त्यात निर्णय राहतो, पण बाळ नाहीसे होते, आणि ज्या निर्णयाबद्दल तिच्या मनात रोज रात्री खटला चालतो त्याचा निकाल आपण बाहेरून लावून टाकतो. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मावायला हव्यात. मी पुढे जे लिहिले ते असे होते : ‘तुझे बाळ गेले आणि त्यासोबत तुम्हा दोघांना असा निर्णय घ्यावा लागला, जो कुणावरही येऊ नये. बोलावेसे वाटले तर मी ऐकेन, नाही वाटले तरी शनिवारी डबा घेऊन येते.’

ग्रहण, पपई किंवा बसचा प्रवास यांत कारण शोधू नये. या दोषात, ज्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती मज्जानलिका वरच्या टोकाला मिटत नाही, आणि ती मिटण्याचे काम गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत, म्हणजे पाळी चुकल्यावर साधारण दोन आठवड्यांत संपते. चौथ्या महिन्यातल्या ग्रहणाचा दोष त्याला कसा लागणार? फॉलिक ॲसिडच्या गोळीने धोका कमी होतो हे खरे आहे, परंतु ती घेऊनही काहींच्या बाबतीत हा दोष उद्भवतो. त्यामुळे ‘गोळ्या घेतल्या होत्यास ना?’ हा प्रश्न पुढच्या वेळेसाठी डॉक्टरांनी विचारावा, भेटायला आलेल्यांनी नव्हे.

आपल्या खानदेशात एक प्रश्न हमखास येतो : ‘आंडोर व्हता का आंडेर?’, म्हणजे मुलगा होता की मुलगी. तिच्या सासरच्या एका बाईंनी तो तिच्यासमोरच विचारला. पाचव्या महिन्यातल्या गर्भपातावर लोक कोणता संशय घेतात हे तिला पक्के माहीत होते, म्हणून तो प्रश्न तिला आरोपासारखा लागला. आपण उत्तर द्यायचे असेल तर ‘बाळाला गंभीर दोष होता’ एवढेच सांगावे, तेही तिच्या परवानगीने. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यानुसार 20 ते 24 आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांचे मत लागते आणि स्त्रीची ओळख गुप्त ठेवावी लागते. जे डॉक्टरांनी उघड करू नये ते आपण गल्लीत सांगत फिरू नये.

बहुतेकांना वाटते की पिशवी साफ केली आणि झाले. या आठवड्यांत बहुधा गोळ्या देऊन कळा आणतात, म्हणजे तिने बाळंतपणच सोसलेले असते. शिवाय दोन ते चार दिवसांनी दूध येऊ शकते. हे तिला आधी कुणी सांगितले नव्हते. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता तिचे झंपर भिजले आणि ती पोळपाट तसाच ठेवून न्हाणीघरात जाऊन बसली. त्या वेळी ‘घाबरू नकोस’ म्हणण्याने काहीच झाले नसते. गार पाण्याच्या पट्ट्या, नीट बसणारी चोळी आणि दूध थांबवण्याच्या गोळीबद्दल डॉक्टरांना फोन, हे उपयोगी पडले. दूध पिळून काढत राहिले तर ते अधिक येते. ताप, घाण वास किंवा दर तासाला पॅड भिजणे दिसले तर मात्र थांबू नये.

ती शाळेत शिकवते आणि आठवड्याने कामावर जायला निघाली होती. मातृत्व लाभाचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी वैद्यकीय गर्भपातानंतरही सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. तो अर्ज मी लिहून दिला, तिने सही केली. नवऱ्याची चौकशी मात्र आमच्यापैकी कुणीच केली नाही. त्याला सगळे फक्त ‘तिला सांभाळ’ म्हणत राहिले, ही चूक माझीही.

आणि एक तारीख लिहून ठेवावी. तिची प्रसूतीची तारीख आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास होती, जेव्हा आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि निंबाला झोके बांधतात. त्या सकाळी मी एवढेच लिहिले, ‘आजची तारीख माझ्या लक्षात आहे.’ दुपारी तिचा फोन आला, आणि बाळासाठी मनात ठरवलेले नाव तिने मला पहिल्यांदा सांगितले.