नावाचा कॉलम उडवला, तरी काकांनी बाई ओळखली

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. पाच गावांतल्या 214 कुटुंबांच्या कर्जबाजारीपणाचा सर्व्हे आमच्या संस्थेने केला होता आणि दुसऱ्या एका अभ्यासगटाला ती एक्सेल फाइल हवी होती. "नावं काढून पाठवून दे," एवढंच मला सांगितलं होतं. मी नाव, मोबाइल, आधारचे शेवटचे चार आकडे आणि घर क्रमांक असे चार कॉलम डिलीट केले. दहा मिनिटांचं काम. पाठवण्याआधी सहज म्हणून, ज्यांनी ही गावं पायाखाली घातली होती त्या आमच्या फील्डवरच्या काकांना फाइल दाखवली.

काकांनी गावाच्या कॉलमला फिल्टर लावला, मग व्यवसायाच्या. एकच ओळ उरली: अंगणवाडी सेविका, वय 38, बारावी, घरात पाच माणसं. "अगं, ही तर आपली अमकी. त्या गावात अंगणवाडीच एक आहे." त्याच ओळीत पुढे लिहिलेलं होतं की सावकाराचं कर्ज आहे, रक्कम 1,37,500 आणि घरच्यांना माहीत नाही.

तोपर्यंत माझा समज असा की, ओळख म्हणजे नाव. खरं तर नाव, मोबाइल, आधार, घर क्रमांक ही सरळ ओळख सांगणारी माहिती. ती काढावी लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही. गाव, वय, व्यवसाय, शिक्षण यांतलं एकेक घेतलं तर काहीच कळत नाही. एकत्र आलं की ते बोट दाखवतं. आणि समोरच्याला गावच माहीत असायला हवं असंही नाही, दुसरी एखादी यादी हाताशी असली तरी पुरे. आपल्याकडे मतदार यादी कुणालाही पाहता येते. तिच्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग सगळं असतं. गाव आणि नेमकं वय तुमच्या फाइलमध्ये असेल, तर दोन याद्या शेजारी ठेवून नाव परत चिकटवता येतं.

हे अमेरिकेत 1990च्या दशकात झालेलंही आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरला विकत घेतली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहाच जण त्या यादीत होते. त्यांत पुरुष तीन आणि गव्हर्नरांच्या पिनकोडचा एकच. त्यांच्या आजारपणाच्या नोंदी तिच्या हातात आल्या.

मग आमच्या फाइलचं काय केलं ते सांगते. आधी मूळ फाइल पासवर्ड लावून बाजूला ठेवली आणि प्रतीवर काम सुरू केलं. आमचा कुटुंब क्रमांक गावाची दोन अक्षरं आणि भेटीचा अनुक्रम जोडून केलेला होता, म्हणजे त्यातूनच गाव फुटत होतं. तो काढून नवे क्रमांक दिले, तेही ओळी आधी उलटसुलट करून. नाहीतर ओळींचा क्रम म्हणजे आळीतल्या घरांचा क्रमच असतो. जुन्या-नव्या क्रमांकांची जोडयादी मूळ फाइलसोबत ठेवली. ती आहे तोवर आपल्या दृष्टीने फाइल निनावी नाहीच, फक्त टोपणनावाची आहे. मोबाइल अॅपवर भरलेल्या सर्व्हेत `_submission_time`, `deviceid` आणि जीपीएसचे कॉलम पार उजवीकडे दडून बसलेले असतात. तिथपर्यंत कुणी स्क्रोल करत नाही. घराचा अक्षांश-रेखांश म्हणजे दारावरची पाटीच.

मग मोजणी. किती ओळी एकट्या पडतात हे डोळ्यांनी कळत नाही. गाव B मध्ये, वय C मध्ये, व्यवसाय D मध्ये होता. शेवटी एक रिकामा कॉलम घेऊन हे लिहिलं आणि खालपर्यंत ओढलं:

```
=COUNTIFS($B$2:$B$215,B2,$C$2:$C$215,C2,$D$2:$D$215,D2)
```

या ओळीसारखं गाव, वय आणि व्यवसाय असलेल्या ओळी किती, हे त्यातून कळतं. 1 आला म्हणजे ती ओळ एकटी. आमच्याकडे 214 पैकी 131 ओळींसमोर 1 होता! काही ओळींसमोर 0 आला तेव्हा मी गोंधळले, कारण प्रत्येक ओळ निदान स्वतःशी तरी जुळायला हवी. त्या ओळींत वयाचा रकाना रिकामा होता. रिकाम्या रकान्याला हे सूत्र शून्य समजतं, म्हणून तिथे आधी "माहिती नाही" असं भरावं.

आम्ही ठरवलं की एकसारख्या निदान पाच ओळी हव्यात. पाच हा काही देवाने दिलेला आकडा नाही. विषय नाजूक असेल तर जास्त धरावा. पाच गावांचे दोन गट केले, डांबरी रस्त्यालगतची आणि आतली. वयाचे चार टप्पे केले. व्यवसाय तीनच ठेवले: शेती, शेतमजुरी, इतर. सेविका, रिक्षावाला, किराणा दुकानदार सगळे "इतर"मध्ये गेले. आता पाचपेक्षा लहान गटांत 17 ओळी राहिल्या. वयाचे शेवटचे दोन टप्पे एक करून "45 आणि पुढे" केलं, तेव्हा चारच उरल्या. त्या सरळ काढल्या आणि 214 पैकी 210 ओळी दिल्याचं फाइलसोबत लिहून कळवलं. तपशील गेला याची हळहळ वाटतेच. गावनिहाय आकडे त्यांना हवेच होते, ते वेगळ्या तक्त्यात फक्त बेरजा करून दिले.

तरीही दोन गोष्टी या मोजणीत सापडत नाहीत. एका गटात सहा जणी होत्या आणि सहाही जणींचं उत्तर "सावकाराचं कर्ज आहे". मग त्यांतली नेमकी कोण हे ओळखायची गरजच काय? शेजारीण त्या गटात बसते एवढं कळलं की तिचं उत्तरही कळलं. तो गट शेजारच्या वयोगटात मिसळावा लागला. दुसरं म्हणजे ती 1,37,500 ची रक्कम. मी तिला नुसतं उत्तर समजत होते. पण तोच आकडा सावकाराच्या वहीतही आहे, आणि ही फाइल फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेली तर त्याला गाव-वय काही लागणार नाही. रकमांचे पन्नास हजारांचे टप्पे केले.

शेवटी फाइल CSV म्हणून सेव्ह केली. एक्सेलमध्ये लपवलेले कॉलम, दुसरी शीट, कॉमेंट, पिव्होट टेबलच्या पोटातली मूळ माहिती असं बरंच मागे राहतं. CSV मध्ये समोरची शीट तेवढी जाते, पण त्या शीटमधले लपवलेले कॉलमही सोबत जातात. म्हणून आधी सगळे उघडून पाहावेत. मराठी अक्षरं नीट राहावीत म्हणून UTF-8 चा पर्याय निवडावा.

फाइल पुन्हा काकांपुढे ठेवली आणि म्हटलं, आता शोधा. अर्धा तास ते शोधत होते. गाव नाही, वय नाही, सेविका नाही. मग शेवटच्या "इतर काही सांगायचे आहे का" या कॉलमवर येऊन थांबले. एका ओळीत लिहिलं होतं, पोळ्याच्या आदल्या दिवशी विहीर खचली आणि बैल गेला, तेव्हापासून कर्ज. "ही विहीर मी पाहिलीय," काका म्हणाले.

तो कॉलम काढून फाइल पाठवली.