मोटरच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी

काम असं धरू: ३५० व्होल्टच्या बॅटरीची चारचाकी आहे आणि मोटर व इन्व्हर्टरमधल्या नारिंगी केबल काढून मोटर तपासायची आहे. खरं काम तासाभराचं. त्याआधीच्या तयारीला जवळपास तेवढाच वेळ जातो, आणि गिऱ्हाईकाला तसं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सुरुवात आदल्या दिवशी, हातमोज्यांपासून. क्लास ० चे रबरी मोजे हवेत, म्हणजे १००० व्होल्ट एसीपर्यंत चालणारे. मनगटाजवळच्या छापावर क्लास आणि तारीख बघा. सहा महिन्यांच्या आत त्यांची विद्युत चाचणी झालेली नसेल तर ते मोजे बाजूला ठेवा, दिसायला कितीही नवे असोत. कामाच्या दिवशी प्रत्येक वेळी घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडा, मोजा गालाजवळ धरून दाबा आणि बोटांच्या बेचक्यांत नीट बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी गालाला वारा लागतो. तोंडाने फुंकून भरू नका, आत ओल जाते. वरून चामड्याचे मोजे घालायचेच, कारण रबराला खरा धोका विजेपेक्षा पत्र्याच्या धारेचा असतो. ऑइल लागलेले, घडी घालून डब्यात कोंबलेले किंवा उन्हात पडलेले मोजे मला कुणी फुकट दिले तरी नको.

पान्यांवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असा छाप हवा. नेहमीच्या पान्याला टेप गुंडाळून तो इन्सुलेटेड होत नाही. चांगल्या पान्यांवर दोन रंगांचे थर असतात. वरचा थर चिरून खालचा रंग दिसला की पाना बाद.

आता गाडी. ती इन्सुलेटिंग मॅटजवळ उभी करा, भोवती दोरी बांधा, चार्जिंगची गन काढा आणि पोर्टवर पाटी लावा. चावी गाडीपासून लांब, कुलपाच्या डब्यात. मालकाला फोन करून सांगा की मोबाइल ॲपमधून एसी चालू करू नका. हे ऐकून लोक हसतात, पण काही गाड्या ॲपवरून घरबसल्या जाग्या होतात आणि हाय व्होल्टेज सुरू होतं. काही तर १२ व्होल्टची बॅटरी उतरली की आपणहून जाग्या होऊन ती भरून घेतात. अंगठी, कडं, साखळी, घड्याळ, खिशातलं पेन काढून ठेवा. ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याला या कामावर घेऊ नका, मोटरच्या रोटरमधली चुंबकं जोरदार असतात.

वीज तोडण्याचा क्रम गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच ठेवा, कारण बॅटरीचं सर्किट तोडणाऱ्या सर्व्हिस प्लगची जागा दर मॉडेलला वेगळी असते. साधारणपणे आधी इग्निशन बंद, मग १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह केबल, मग मोजे घालून नारिंगी सर्व्हिस प्लग. डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल तर १२ व्होल्ट तोडण्याआधी डिकी उघडी ठेवा. काढलेला प्लग काम करणाऱ्याच्याच ताब्यात राहील. टेबलावर ठेवला तर कुणीतरी उत्साहाने परत बसवतो.

इथून पुढे थांबायचं. इन्व्हर्टरमध्ये मोठा कपॅसिटर असतो आणि प्लग काढला तरी त्यातला चार्ज लगेच जात नाही. समजा कपॅसिटर ५०० मायक्रोफॅरड आणि त्यावरचा निचऱ्याचा रेझिस्टर १०० किलोओहम. दोन्हींचा गुणाकार ५० सेकंद. ३५० व्होल्ट उतरून ६० व्होल्टवर यायला सुमारे दीड मिनिट आणि जवळपास शून्य व्हायला चार मिनिटं. मॅन्युअलमध्ये पाच किंवा दहा मिनिटं थांबायला सांगतात त्याचं गणित हे. पण हा हिशोब तो रेझिस्टर धड असेल तरच खरा. तो जळून तुटला असेल तर दहा मिनिटांनीही कपॅसिटर जवळजवळ भरलेलाच सापडतो. म्हणून घड्याळावर विसंबू नका, शेवटचा शब्द मीटरचा.

मीटर आणि त्याच्या वायरी, दोन्ही कॅट थ्री १००० व्होल्टच्या. आधी मीटर माहीत असलेल्या डीसी व्होल्टेजवर लावून बघा. दुसरं काही नसेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांवर लावा, केबल सुटली असली तरी टोकांवर व्होल्टेज असतंच. मग मोजे घालून इन्व्हर्टरच्या डीसी टोकांवर तीन मोजण्या घ्या: प्लस आणि मायनसमध्ये, प्लस आणि बॉडीमध्ये, मायनस आणि बॉडीमध्ये. पहिली शून्य आली म्हणून बाकीच्या सोडू नका. बॅटरीच्या आतला एखादा कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, वितळून चिकटला असेल तर दोन टोकांमध्ये काही दिसत नाही, पण एका टोकाची बॉडीशी मोजणी बोलू शकते. तिन्ही शून्य आल्यावर मीटर पुन्हा त्याच १२ व्होल्टवर लावा. मधल्या वेळात वायर तुटली किंवा फ्यूज उडाला असेल तर तो तेव्हाच कळतो. कुठेही ६० व्होल्टच्या वर आकडा दिसला तर हात मागे, आणि तो कुठून येतोय हे कळेपर्यंत काम बंद.

दोन गोष्टी मात्र यातून सुटत नाहीत. बॅटरीच्या पेटीच्या आत व्होल्टेज कायम असतं. प्लग मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना पावणेदोनशेच्या आसपास. पेटी उघडणं हे वेगळं काम आहे, त्याची तयारी इथे नाही. दुसरं, चुंबकांची मोटर फिरली की स्वतः वीज तयार करते. गाडी लिफ्टवर असताना कुणी गंमत म्हणून चाक गरकन फिरवलं तरी मोटरच्या टोकांवर व्होल्टेज येतं. चाकं अडवूनच केबल काढा.

आणि एकट्याने नाही. दुसरा माणूस दोरीबाहेर, मोजे घालून, हातात इन्सुलेटेड हूक घेऊन उभा राहील आणि त्याचं तेवढंच काम. चहा आणायला तो जाणार नाही. बॅटरीची वीज भिंतीवरच्या स्विचने बंद होत नाही, म्हणून अडकलेल्याला हुकाने ओढूनच सोडवायचं, कोरड्या जागेवर उभं राहून, उघड्या हाताने कधीच नाही. १०८ ला फोन तिसऱ्याने करायचा. तिसरा नसेल तर माणूस सुटल्याबरोबर स्पीकरवर लावा. हाक मारून ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं की नाडी शोधण्यात वेळ घालवू नका. छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. शिकलेला असेल तर ३० दाबांनंतर दोन श्वास. जवळ एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, असेल तर लगेच लावा, ते बोलून सांगतं तसं करा.

उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्या. हृदयाचे ठोके बिघडलेले बाहेरून कळत नाहीत, ईसीजीत कळतात. कातडीवर बारीकसा डाग दिसला तरी आतलं स्नायूंचं जळणं मोठं असू शकतं. डॉक्टरांना नुसतं "शॉक लागला" सांगू नका: डीसी होती, किती व्होल्ट, कोणत्या हातातून कुठे, किती वेळ चिकटला, हे सगळं हूक धरणाऱ्यानेच सांगावं, कारण पाहिलेलं त्यानेच असतं.