पोट साफ होत नसेल तर मसाज डावीकडून सुरू करा

मूत्राशय रिकामं करून, जेवणानंतर निदान दोन तास गेल्यावर पाठीवर झोपा आणि गुडघ्यांखाली उशी घ्या. हाताला थोडं तेल लावा. एवढी तयारी पुरते.

‘पोटावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे हात फिरवा’ हा सल्ला सगळेच देतात. दिशा बरोबर आहे, कारण मोठं आतडं उजव्या ओटीपोटातून वर बरगडीखाली जातं, आडवं डावीकडे वळतं आणि डाव्या कुशीतून खाली उतरतं. पण सुरुवात कुठून करायची, हे कुणी सांगत नाही. मीही कित्येक दिवस उजवीकडून सुरुवात करत होतो. पाच-सहा फेऱ्यांत डाव्या ओटीपोटात मुरडा यायचा आणि शौचाला मात्र काहीच नाही. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझाच हात धरून डाव्या कुशीवर ठेवला. म्हणाल्या, ‘पुढे दार बंद असताना मागून ढकलताय कशाला?’

म्हणून आधी फक्त डावी बाजू. डाव्या बरगडीखालून कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूपर्यंत, चार बोटं सपाट ठेवून वरून खाली, दहा वेळा. मग उजव्या बरगडीखालून आडवं डावीकडे आणि तसंच खाली, दहा वेळा. सगळ्यात शेवटी उजव्या ओटीपोटातून वर, आडवं, खाली असा पूर्ण रस्ता, तोही दहा वेळा.

दाबाचंही तेच. जोर लावला की काम लवकर होतं, हा गैरसमज आहे. बोटं रुतवली की पोटाचे स्नायू ताठ होतात आणि मग तुम्ही आतडं नाही, नुसती पोटाची भिंत चोळत बसता. श्वास सोडताना पोट आपोआप खाली बसतं, तेव्हा हात त्याच्यासोबत खाली जाऊ द्या आणि पुढे सरकवा. श्वास घेताना थांबा. दुखून चेहरा आक्रसला तर दाब जास्त झाला. पोटात गुडगुडलं, वारा सरला, तर बरोबर चाललंय.

सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, रोज ठरलेल्या वेळी. पहिल्याच दिवशी पोट साफ होईल या आशेवर राहू नका. फरक कळायला काही आठवडे लागतात.

गरोदरपणात, हर्निया असताना, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असताना, आतड्याला सूज असताना किंवा पोटातल्या महाधमनीला फुगवटा असल्याचं निदान झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. पोट फुगून टणक झालंय, उलट्या होताहेत, वाराही सरत नाहीये, असं असेल तर मसाज करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आतडं अडलेलं असू शकतं. शौचातून रक्त जात असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर आधी तपासणी, मसाज नंतर.