अफेक्ट-इफेक्ट: 'रेव्हन' पाठ करून थांबू नका

बँकेच्या नाहीतर एसएससीच्या इंग्लिशला हात घातला की कोणीतरी 'रेव्हन' पाठ करून घेतंच, म्हणजे अफेक्ट व्हर्ब, इफेक्ट नाउन, विषय संपला. वाईट नाहीये ते, बहुतेक वाक्यं त्याने सुटतात. आधी 'द' किंवा 'ॲन' बसतंय तर नाउन, "द इफेक्ट ऑफ रेन". शेवटी 'ईडी' लागतंय तर व्हर्ब, "रेन अफेक्टेड द मॅच".

पण पेपर काढणाराही रेव्हन शिकलेलाच असतो ना! तो देतो "द चेअरमन इफेक्टेड मेनी चेंजेस" आणि पोरं इफेक्टेडला एरर ठरवून मोकळी होतात. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच, म्हणून जरा पाल्हाळ लावते. इफेक्ट व्हर्ब पण आहे, अर्थ 'घडवून आणणे'. मग ओळखायचं कसं, तर पुढे जी गोष्ट आलीये ती आधीपासून होती की या क्रियेमुळेच झाली ते विचारा. चेअरमनने केले म्हणून चेंजेस झाले, म्हणून इफेक्टेड. स्टाफ आधीच होता, त्याच्यावर परिणाम झाला, म्हणून "द चेंजेस अफेक्टेड द स्टाफ". पेमेंट, ट्रान्सफर, क्युअर ही मंडळी इफेक्टच्या मागे बऱ्याचदा दिसतील. आणि "द युनियन अफेक्टेड द चेंजेस" पण बरोबरच आहे हां, फक्त अर्थ बदलला: बदल आधीच ठरलेले होते, युनियनमुळे त्यात फरक पडला. म्हणजे वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय टिक करायची नाही, 'दोन सेकंदात उत्तर' शिकवणारे सर काहीही म्हणोत.

दुसरी गोची ऑफिसच्या पत्रांतली. "द ऑर्डर विल इफेक्ट फ्रॉम फर्स्ट एप्रिल" सर्रास लिहितात, पण चूक आहे ते. व्हर्ब असेल तर काय घडवलं ते पुढे लागतं आणि इथे काहीच नाहीये. "विल टेक इफेक्ट" लिहा. सरकारी ऑर्डरमधलं "विथ इफेक्ट फ्रॉम" बरोबर, कारण तिथे तो नाउन आहे. (अफेक्ट नाउन म्हणूनही असतो, पहिल्या 'ॲ'वर जोर देऊन, पेशंटच्या चेहऱ्या-आवाजातून दिसणारी भावना या अर्थी. सायकॉलॉजीवाले सोडून बाकीच्यांनी टेन्शन घेऊ नका.)

बाकीच्या जोड्या एवढ्या छळत नाहीत. ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ, डिव्हाइस-डिव्हाइझ यात 'सी'वाला नाउन, 'एस'वाला व्हर्ब, कानालाही फरक कळतो. प्रॅक्टिस आणि लायसन्समध्ये कान उपयोगाचे नाहीत, ब्रिटिश स्पेलिंगमध्ये तोच सी-एसचा नियम, अमेरिकन मात्र प्रॅक्टिस दोन्हीकडे 'सी'ने आणि लायसन्स दोन्हीकडे 'एस'ने लिहितात, त्यामुळे एका पेपरात एकच पद्धत धरा. लॉस नाउन, लूझ व्हर्ब, आणि दोन 'ओ'वाला लूस बहुतेक वेळा ॲडजेक्टिव्ह, सैल या अर्थाचा. "डोन्ट लूस होप" मोटिव्हेशनल स्टेटसवर इतक्यांदा दिसतं की डोळ्यांना तेच बरोबर वाटायला लागतं, सांभाळा.