बेळगावातून कोल्हापूरला कोटेशन मेल पाठवायचाय? असं लिहा

आमचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, निम्मे गिऱ्हाईक हुबळी-धारवाडकडचे आणि निम्मे कोल्हापूरचे, आणि खरा घोळ होतो तो इथंच. हुबळीच्या पार्टीला सीजीएसटी 9 टक्के आणि एसजीएसटी 9 टक्के लावायचा, पण कोल्हापूर महाराष्ट्रात पडतंय ना, तिथं सरळ आयजीएसटी 18 टक्के. मी एकदा हुबळीचा जुना मेल कॉपी करून कोल्हापूरला पाठवला, टॅक्सची ओळ तशीच राहिली, त्यांच्या अकाउंट्सनं परत पाठवला.

म्हणून आधी पार्टीचा जीएसटी नंबर मागून घ्या. पहिले दोन आकडे बघा, 29 म्हणजे कर्नाटक, 27 म्हणजे महाराष्ट्र. काही जण म्हणतात, "आमचाच टेम्पो येतोय की तुमच्या दारात, लोकल बिल करा." तसं चालत नाही, माल शेवटी जिथं पोचतो ते राज्य धरायचं, म्हणजे आयजीएसटीच.

आता समजा शिरोलीच्या पार्टीला मशीनिंग केलेले 200 बेअरिंग हाउसिंग हवेत. मेलच्या विषयातच "कोटेशन, बेअरिंग हाउसिंग, 200 नग" असं टाका, आणि आत असं लिहा:

बेअरिंग हाउसिंग, तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे, 200 नग, दर 820 रुपये: 1,64,000
पॅटर्न चार्ज, एकदाच: 25,000
शिरोलीपर्यंत भाडं: 3,500
एकूण: 1,92,500
आयजीएसटी 18 टक्के: 34,650
सगळं मिळून: 2,27,150

पॅटर्नचा खर्च नगाच्या दरात मिसळू नका, नाहीतर दुसऱ्या ऑर्डरला पार्टी तोच दर धरून भांडते. भाडं आपण बिलात लावलं की त्यावरपण टॅक्स बसतो, म्हणून ते बेरजेच्या वर घ्या, खाली नुसतं "भाडं वेगळं" लिहून सोडू नका.

मुदतीत "15 दिवस" लिहिण्यापेक्षा तारीखच लिहा, "हा दर 20 जूनपर्यंत". कास्टिंगचा दर स्क्रॅप आणि पिग आयर्नबरोबर हलतो, आणि मुदत न लिहिल्यामुळं एकानं दोन महिन्यांनी जुन्या दरानं ऑर्डर टाकली, तोवर फाउंड्रीनं किलोमागं दर वाढवलेला, फरक माझ्या खिशातून गेला.

डिलिव्हरीचे दिवस कधीपासून मोजायचे ते सांगा: "सॅम्पल पास झाल्यापासून 3 आठवडे". पीओच्या तारखेपासून म्हटलात की त्यांचा क्वालिटीवाला सॅम्पल आठ दिवस टेबलावर ठेवतो आणि उशीर तुमच्या नावावर.

पेमेंटचंही तसंच, "30 दिवस" म्हणजे बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून? मी लिहितो: "पॅटर्नचे पैसे पीओबरोबर ॲडव्हान्स, बाकी बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत." माल 50 हजारांच्या वरचा असल्यानं ई-वे बिल लागणारच, त्यासाठी डिलिव्हरीचा पूर्ण पत्ता आणि पिनकोड याच मेलमध्ये मागून ठेवा, गाडी भरून उभी असताना फोनाफोनी नको.