बोगनवेल माजली, पण रंगच नाही? या चुका टाळा

पावसाळा सरला की कोल्हापुरातल्या बागवाल्यांकडून हमखास एक तक्रार ऐकू येते. बोगनवेल गच्चीच्या कठड्यावरून खाली आलीय, पानं हिरवीगार आहेत, पण रंगाचा एक झुबका दिसत नाही. मग कुणी शेणखताची आणखी एक पाटी घालतं, कुणी पाणी वाढवतं, आणि वेल अजूनच माजते. अशा वेलीला बहुतेक वेळा पाणी आणि खत दोन्ही जास्त झालेलं असतं. कमी पडलेलं असतं ते फक्त ऊन.

आधी काटे बघा

बोगनवेलीचा रंग म्हणजे तीन कागदी पानं, ज्यांना वनस्पतिशास्त्रात छदं म्हणतात. खरी फुलं त्यांच्या आत असतात, पांढरट आणि नळीसारखी बारीक. हा झुबका पानाच्या बेचक्यात ज्या जागी येतो, त्याच जागी काटाही येतो. वाढीच्या सुरुवातीला दोन्ही एकच अंकुर असतात. भरपूर ऊन आणि आवरती वाढ असेल तर त्या अंकुराचा फुलोरा होतो. सावली, भरपूर नत्र आणि सतत ओली माती मिळाली तर त्याचा काटा होतो.

म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी फांदी हातात धरून बघायला सांगते. अंगठ्याएवढी जाड, सरळ वर गेलेली, लांब पेऱ्यांची आणि पेऱ्यापेऱ्याला मोठा काटा असलेली फांदी म्हणजे पाणसोट. डाळिंबवाले हा शब्द रोज वापरतात. असे पाणसोट खूप दिसले, तर फुलं कुठे गेली याचं उत्तर तिथेच आहे.

चूक पहिली: पोर्चमधला उजेड म्हणजे ऊन समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती सुधारल्याशिवाय बाकीचं काही करू नये. वेलीच्या टोकांवर दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन पडायला हवं. पोर्चमध्ये सकाळी दोन तास कोवळं ऊन येतं, नंतर दिवसभर नुसता उजेड असतो. तेवढ्यावर वेल जगते, वाढते, पण रंग धरत नाही. सुटीच्या दिवशी दर तासाला जाऊन टोकांवर ऊन आहे का ते बघा. मुळाशी सावली असली तरी चालेल.

सावलीत असलेल्या वेलीला ताण देणं, म्हणजे फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडणं, तर घातकच. तिची पानं गळतात आणि फुलं तरीही येत नाहीत.

चूक दुसरी: छाटणी आणि ताण यांचा क्रम उलटा करणं

आपल्याकडे शेतीशी नातं असलेल्या घरांत ताण हा शब्द ओळखीचा असतो, आणि गडबड नेमकी तिथेच होते. डाळिंबाचा बहार धरताना आधी पाणी तोडून ताण देतात, मग छाटणी आणि पानगळ करून पाणी सोडतात. कुंडीतल्या बोगनवेलीला मी उलट क्रम लावते. आधी छाटणी, मग नवी फूट येईपर्यंत नेमानं पाणी, आणि फूट वीतभर झाली की ताण. कारण रंग येतो तो नव्या फुटीच्या टोकांकडे. छाटल्या दिवशीच पाणी तोडलं तर फूटच येत नाही, मग रंग येणार कशावर?

रुईकर कॉलनीतल्या एका काकूंची वेल हे त्याचं चांगलं उदाहरण. १४ इंची कुंडी, निम्मी काळी माती, निम्मं शेणखत, रोज तांब्याभर पाणी आणि वरून महिन्याला जीवामृत. कुंडी पूर्वेच्या पोर्चमध्ये. दोन वर्षं नुसता पाला.

नवरात्रात कुंडी गच्चीवर दक्षिणेच्या कठड्याशी नेली. बोगनवेलीची मुळं नाजूक असतात, म्हणून कुंडी बदलली नाही आणि मातीचा गड्डा हलवला नाही. एक आठवडा तिला उन्हाची सवय होऊ दिली. दसऱ्याला छाटणी केली. पाणसोट बुडापासून काढले, उरलेल्या फांद्या एक तृतीयांश कमी केल्या. जीवामृत बंद केलं, पाणी मात्र चालू ठेवलं. दोन-तीन आठवड्यांत फूट वीतभर झाली, तेव्हा तिचे शेंडे खुडले, म्हणजे प्रत्येक फांदीला दोन-तीन टोकं मिळतात. त्यानंतर पाणी तोडलं.

पाणी तोडायचं म्हणजे वेल वाळवायची नव्हे. दुपारी पानं थोडी मलूल झाली तरी चालेल. पण ती सकाळी उठल्यावरही मान टाकून असतील, तर त्याच वेळी अर्धा-पाऊण लिटर पाणी द्यायचं आणि पुन्हा थांबायचं. काकूंनी हे मनापासून पाळलं. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर दिवे लागले, त्या सुमारास टोकांना गुलाबी ठिपके दिसू लागले. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वेल भरली.

ठिपके दिसले की ताण थांबवायचा. इथे लोक हमखास चुकतात. ताणानं फुलं येतात म्हणून तो तसाच चालू ठेवतात आणि उमलण्याआधीच कळ्या गळतात. या टप्प्यावर मातीचा वरचा दोन इंचांचा थर सुकला की पोटभर पाणी द्यावं.

चूक तिसरी: कुंपणासारखी सतत कात्री

दर पंधरा दिवसांनी माळी येतो आणि वेल सारखी करून जातो. दिसायला नीटनेटकी, पण प्रत्येक वेळी रंग धरणारी टोकंच कापली जातात. शेंडे खुडल्यावर कात्री बाजूला ठेवा. मध्येच एखादा पाणसोट सुटला तर तेवढाच काढा. मोठी छाटणी आपल्याकडे वर्षातून दोनदा पुरते: एक पाऊस ओसरल्यावर, दुसरी हिवाळ्यातला बहर उतरल्यावर, फेब्रुवारीच्या आसपास. दुसरी हलकीच ठेवा.

पावसाळ्यात ताण देता येत नाही

जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, माती ओली आणि दिवस मोठे, त्यामुळे या काळात पाला वाढणारच. त्या वाढीशी भांडू नका, फक्त नत्र देऊ नका. खरी अडचण परतीच्या पावसाची असते. महत्प्रयासानं आठ दिवस कोरडी ठेवलेली कुंडी एका संध्याकाळच्या सरीनं चिंब होते. आभाळ आलं की बुंध्याभोवती मातीवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा आणि थेंब गेला की लगेच काढा. कुंडीखालची थाळी मात्र कायमची काढून टाका, तिच्यात साचलेलं पाणी मुळं दिवसभर पीत राहतात.

जमिनीतल्या वेलीचं गणित वेगळं आहे. नदीकाठच्या काळ्या मातीत ओल इतकी खोल टिकते की वरून पाणी तोडून महिनाभर तिला पत्ताही लागत नाही. शेजारी लॉन असेल किंवा मोरीचं पाणी त्या बाजूला जात असेल, तर ताण बसणारच नाही. आधी ते पाणी वळवा, शेणखत एक वर्ष थांबवा, पाणसोट काढत राहा. एवढं करूनही पालाच वाढला, तर छाटणीच्या वेळी बुंध्यापासून दोन फुटांवर, एकाच बाजूनं, कुदळीनं फूटभर खोल चर मारून मुळं तोडता येतात. चारही बाजूंनी कधीच नको, जुनी वेलसुद्धा त्यानं बसते. नवी लावणार असाल तर जमिनीत लावण्याऐवजी कुंडीतच ठेवा, किंवा पन्हाळ्याकडची मुरमाड तांबडी माती भरून उंच वाफा करा. त्यात पाण्याचा लगाम तुमच्या हातात राहतो.